कोकणातले घर आणि वाडी: चक्रीवादळाच्या चार टप्प्यांतली कामे कोणत्या क्रमाने करावीत

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड आणि दापोलीच्या पट्ट्यात त्यानंतर जे हाल झाले, त्यांतले बरेचसे वाऱ्यामुळे झाले, पण काही कामे चुकीच्या क्रमाने केल्यामुळेही झाले. वादळाचा इशारा आल्यावर लोक पत्र्यावर दगड ठेवायला धावले, वारा ओसरल्यावर फोटो न काढताच अंगण साफ करू लागले, आणि मदतीचा अर्ज करताना सातबाऱ्यावरच्या अकरा नावांपैकी नऊ जण मुंबईला असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

आपत्ती व्यवस्थापनात शमन, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्उभारणी असे चार टप्पे मानले जातात. शमन म्हणजे होणारे नुकसान आधीच कमी करून ठेवणे. हे टप्पे चक्रासारखे जोडलेले आहेत, कारण पंचनाम्याच्या वेळी जो कागद लागतो तो सहा महिने आधी काढून ठेवावा लागतो आणि नवे छप्पर चढवताना जे केले जाते त्यावर पुढच्या वादळात घर टिकणार की नाही हे ठरते. पुढचे मार्गदर्शन किनाऱ्याजवळचे कौलारू किंवा पत्र्याचे घर आणि त्यामागची नारळ-पोफळीची वाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

## १. शमन: छपराची कामे कोरड्या दिवसांत पूर्ण करा

अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन हंगामांत होतात. छपराचे काम मात्र सुतार मोकळा असताना आणि लाकूड कोरडे असताना, म्हणजे पौषापासून चैत्रापर्यंतच नीट होते.

आधी वाऱ्याचे गणित समजून घ्यावे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा दुप्पट होऊन १२० झाला, तर त्याचा दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरला तो दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर धरले, तर एका पत्र्याला सव्वादोनशे किलोच्या आसपास ओढ बसते. वळचणीला खालून वारा घुसतो आणि वरून ओढतो, त्यामुळे तिथे हा आकडा आणखी वाढतो. एवढ्या ओढीपुढे पत्र्यावर ठेवलेल्या दोन-चार चिऱ्यांचा काहीच उपयोग होत नाही. उलट पत्रा उचलला की तेच चिरे कोणाच्या तरी अंगावर पडतात.

म्हणून छपराचा विचार एका साखळीसारखा करावा: पत्रा रिपेला किंवा पाइपाला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या पाटाला आणि पाट भिंतीला. ही साखळी सर्वांत कच्च्या कडीवर तुटते. कामाचा क्रम असा ठेवावा.

1. सुरुवात खालून करा. पाट भिंतीत नुसता टेकलेला असेल, तर दर चार-पाच फुटांवर लोखंडी पट्टी किंवा बोल्ट घालून तो भिंतीला जखडा.
2. वासा पाटाला नुसत्या खिळ्याने धरलेला असतो. खिळा सरळ वरच्या ओढीने उपसून येतो, म्हणून तिथे वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी ठोकलेली पट्टी लावा.
3. त्यानंतर पत्र्याचे हूक तपासा. वळचण, आढे आणि दोन्ही टोकांच्या कडा या ठिकाणी हुकांतले अंतर मधल्या भागाच्या निम्मे ठेवा, कारण पत्रा उचलायला सुरुवात कडेपासूनच होते.
4. कौलारू छपराला वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौले तारेने रिपेला बांधा आणि कोने चुन्यात किंवा सिमेंटात पक्के बसवा.
5. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्या वाशांवरच पुढे ओढलेले असेल, तर ते सुटे करून स्वतंत्र वाशांवर घ्या. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असल्याने सर्वांत आधी तीच उचलते आणि वासे एकच असतील तर मुख्य छप्परही सोबत घेऊन जाते.

नेहमीची चूक अशी की लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात. हूक नवे आणि भक्कम, पण वासा मात्र जुन्या खिळ्यावर, अशा घराचे छप्पर वाशांसकट एकसंध उडते. निसर्गनंतर आमच्या शेजारच्या वाडीत मी असे एक छप्पर पाहिले. पोफळींच्या बुंध्यांवर ते उलटे पडले होते, पत्रे वाशांना अजून घट्ट धरून होते आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला चार इंची खिळा सरळच्या सरळ, न वाकता बाहेर आलेला होता.

पडताळणी: माळ्यावर चढून एकेका वाशाला पहारीच्या टोकाने खालून वर रेटा. जिथे फट दिसेल, तिथे पट्टी हवी.

याच दिवसांत घरावर झुकलेल्या फांद्या उतरवून घ्या. आंब्या-फणसाचा घेर विरळ केला की वारा त्यातून जातो. माडाची मात्र हिरवी झावळे तोडू नयेत. सुकलेली झावळे आणि घराच्या बाजूचे तयार नारळ उतरवले तरी पुरते.

## २. पूर्वतयारी: झाडे मोजा आणि कागद एका पिशवीत आणा

निसर्गच्या वेळी बागायतीची मदत आधी हेक्टरी दराने ठरली. दाट लावलेल्या पाच-दहा गुंठ्यांच्या वाड्यांना त्या हिशेबाने फारच थोडे मिळत होते, म्हणून पुढे नारळ आणि सुपारीसाठी झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय झाला. त्या वेळी आपल्या वाडीत नेमकी किती झाडे उभी होती हे फार थोड्या जणांना पुराव्यासह दाखवता आले. आडव्या पडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या पोफळी मोजणे किती अवघड असते हे ज्याने मोजल्या त्यालाच ठाऊक.

म्हणून दरवर्षी एप्रिलात प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर रंगाने क्रमांक घाला. समजा, पंधरा गुंठ्यांत ३० माड, २५० पोफळी आणि चार आंबे आहेत. माडांना म-१ ते म-३०, पोफळींना ओळीनुसार प-१ ते प-२५० अशी वही करा. प्रत्येक ओळीच्या टोकाला उभे राहून फोटो काढा, वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या आणि ई-पीक पाहणीत या झाडांची नोंद झाली आहे ना हे पाहा. हे एका दिवसाचे काम आहे.

कागदांच्या पिशवीत सातबारा, आठ अ, घराचा नमुना आठचा उतारा, आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत ठेवा. कोकणात खरा अडथळा येतो तो सहहिस्सेदारांचा. आजोबांच्या नावावरची वाडी, वारस नोंद झालेली नाही, चुलते गिरगावात आणि चुलतभाऊ दुबईत, अशा अवस्थेत मदत कोणाच्या खात्यात जमा करायची हा प्रश्न उभा राहतो आणि अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. तेव्हा वारस नोंद उन्हाळ्यात करून घ्या, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात सगळे गावी जमतात तेव्हा मदत कोणी स्वीकारायची याचे संमतीपत्र सर्वांच्या सह्यांनी तयार ठेवा.

इशारा: या कागदांचे फोटो फक्त स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज आणि मोबाइल बराच काळ बंद होते. एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि एक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घरात ठेवा.

पावसाळ्याची बेगमी मेअखेर घरात आलेली असते आणि वादळही त्याच सुमारास येते. तांदूळ, डाळी, मसाला आणि सरपण छपराखाली उघडे न ठेवता झाकणाच्या पिंपात ठेवा. ताडपत्री, सुंभ, हूक आणि थोडे पत्रेही आधीच घेऊन ठेवावेत, कारण वादळानंतर सगळा तालुका हेच सामान शोधत असतो.

## ३. इशारा आल्यावर: कामे उलट्या घड्याळाने लावा

भारतीय हवामान विभाग साधारण चार पायऱ्यांनी इशारे देतो: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा आणि सुमारे १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. बातमीपत्रातली वादळ धडकण्याची वेळ ही वादळाच्या केंद्राची असते. तुमच्या अंगणातला वारा त्याच्या कितीतरी तास आधी काम करू देईनासा होतो. निसर्गचे केंद्र दुपारी जमिनीवर आले, पण छपरावर चढण्याची मुदत आदल्या संध्याकाळीच संपलेली होती. म्हणून दिलेल्या वेळेतून बारा तास वजा करा आणि ती आपली शेवटची वेळ माना.

दुसरी चूक नकाशावरचा ठिपका पाहण्याची. ‘वादळ अलिबागला जाणार आहे, आपल्याला काही नाही’ असे दक्षिणेकडच्या गावांनी म्हणणे धोक्याचे आहे. आपल्याकडे वादळातले वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. पश्चिमेकडून किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाच्या दक्षिण बाजूला हे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि पाणीही आत ढकलतात. केंद्र आपल्या उत्तरेला आदळणार असेल, तर ती सुटकेची खूण समजू नये.

खाडीकाठच्या घरांनी भरतीचा हिशेब करावा. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे कोळी-भंडाऱ्यांच्या घरात सर्वांना ठाऊक असते. ३ जून २०२० रोजी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लागली होती आणि वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ आलेले होते. तेराची पाऊणपट पावणेदहा. या हिशेबाने वादळाचे केंद्र आले तेव्हा ओहोटी सुरू झालेली होती. तेच केंद्र सकाळी दहाला आले असते, तर लाटांचे पाणी भरतीच्या पाण्यावर चढले असते. म्हणून इशारा मिळताच वादळ धडकण्याची आणि भरतीची अशा दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही वेळांत तीन तासांपेक्षा कमी अंतर असेल तर खाडीकाठचे घर सोडण्याचा निर्णय आदल्या दिवशीच घ्या.

कामांचा क्रम असा:

1. ४८ तास आधी: होड्या वर ओढून बांधा, अंगणातले सुटे पत्रे, कुंड्या, पिंपे आत घ्या, टाक्या आणि हंडे पाण्याने भरा.
2. २४ तास आधी: गुरे मोकळ्या, उंच जागी न्या. गोठा कच्चा असेल तर दावी सोडा. म्हातारी माणसे, गरोदर बाई, लहान मुले यांना शाळेत किंवा स्लॅबच्या घरात पोहोचवा.
3. १२ तास आधी: फोन पूर्ण चार्ज करा, मुंबईच्या नातेवाइकांना ‘उद्या फोन लागणार नाही, तिसऱ्या दिवशी वाट पाहा’ असे सांगून ठेवा, सिलिंडरची कळ आणि विजेचे मेन स्विच बंद करा.

पडताळणी: गावातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस पाटलांकडे किंवा ग्रामपंचायतीत आहे का, आणि प्रत्येक नावापुढे त्यांना घेऊन येणाऱ्या माणसाचे नाव लिहिले आहे का, हे स्वतः विचारा.

## ४. प्रतिसाद: वारा सुरू असताना आणि थांबल्यासारखा वाटल्यावर

घरातल्या सर्वांत लहान, आतल्या खोलीत बसावे. आढ्याखालच्या मोठ्या माजघरापेक्षा चार भिंतींतली कोठीची खोली बरी. दार वाऱ्याच्या दाबाने आत येऊ लागले, तर त्याला पेटी किंवा धान्याचे पिंप लावावे, पण काचेच्या खिडकीजवळ उभे राहू नये.

सर्वांत जास्त फसगत वादळाच्या डोळ्यात होते. केंद्र आपल्यावरून जात असेल तर वारा अचानक पडतो, आभाळ थोडे उजळते आणि लोक बाहेर येऊन छप्पर पाहू लागतात. काही वेळातच वारा उलट दिशेने तेवढ्याच जोराने सुरू होतो, आणि पहिल्या झोतात खिळखिळे झालेले झाड किंवा छप्पर या दुसऱ्या झोतात पडते. वारा खरोखर ओसरत असेल तर तो तासा-तासाने कमी होतो आणि मधूनमधून झोत येतच राहतात. एकदम स्तब्धता आली तर आतच थांबा.

## ५. पहिले दोन दिवस: माणसे, तारा, पाणी, मग छप्पर

वादळ गेल्यावर होणारे अपघात बहुतेक वेळा घाईचे असतात. ओल्या, मोडक्या छपरावर चढणे, ताणलेल्या फांदीवर कोयता मारणे, तारेला हात लागणे. म्हणून पहिल्या दोन तासांत फक्त माणसे मोजा आणि जखमींना हलवा. फोन लागत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७. लागत नसेल तर निरोप घेऊन माणूस पाठवा.

खाली पडलेली प्रत्येक तार जिवंत समजा. गावाची वीज गेली असली तरी कोणी जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, की वीज मीटरमधून उलटी खांबावर चढते आणि लाइनमनचा जीव जाऊ शकतो. मेन स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय जनरेटर किंवा इन्व्हर्टर घराच्या फिटिंगला लावू नका.

पाण्यासाठी विहीर आधी साफ करा. पालापाचोळा आणि मेलेले पक्षी काढल्याशिवाय टीसीएल पावडर टाकून काही उपयोग नाही, कारण क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते. मात्रा विहिरीतल्या पाण्यावर ठरते. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर असेल, तर पाणी सुमारे चौदा हजार लिटर होते. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे ३५ ग्रॅम. वादळानंतरच्या गढूळ पाण्याला याहून जास्त लागेल. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोलवर सोडा आणि ढवळा. एक तास थांबून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रंगावरून सांगणारी ओटी चाचणी करून घ्या. रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा करा.

इशारा: विहिरीत खारे पाणी शिरले असेल तर टीसीएलने ते गोडे होत नाही. पंपाने थोडे थोडे उपसा. एका दमात तळ गाठला तर कच्च्या विहिरीचे कडे ढासळते.

## ६. पंचनामा: आधी फोटो, नंतर ताडपत्री, शेवटी साफसफाई

निसर्गनंतर पाऊस तोंडावर होता, म्हणून छप्पर झाकण्याची घाई समजण्यासारखी होती. पण फोटोंना अर्धा तास लागतो. घरासमोर उभे राहून घर क्रमांकासह एक फोटो घ्या, चारही कोपऱ्यांतून एकेक, प्रत्येक खोलीत छपराकडे पाहून एक आणि भिजलेल्या धान्याचा एक. मग ताडपत्री घाला. वाडीत पडलेल्या झाडाचा क्रमांक दिसेल असा फोटो घ्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे ‘उन्मळले’, ‘मोडले’, ‘शेंडा गेला’ यांपैकी एक नोंद करा. वाटेत आडवी पडलेली झाडे तोडायला हरकत नाही, पण क्रमांक असलेला बुंधा जागेवर ठेवा.

शासनाच्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या किंवा कच्च्या घराला किमान १५ टक्के आणि पिकाला किमान ३३ टक्के नुकसान धरले जाते. म्हणून ‘छपराचे नुकसान’ एवढे मोघम न लिहिता ‘एकूण ४८ पत्र्यांपैकी १९ पत्रे आणि सहा वासे गेले’ असे लिहून घ्यावे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले की वही त्यांच्यापुढे ठेवा, पंचनामा सही करण्यापूर्वी वाचा, आकडे जुळवा आणि प्रत मागा. तुम्ही हजर नसताना पंचनामा झाला असेल किंवा नाव सुटले असेल, तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याचा पुढे पाठपुरावा करता येत नाही.

## ७. पुनर्उभारणी: जुने तसेच परत बांधू नका

पहिल्या पावसात ताडपत्री आणि मिळतील ते पत्रे घालून दिवस काढावे लागतात. ते छप्पर तात्पुरते आहे हे मात्र लिहून ठेवा, कारण एकदा गळती थांबली की तेच दहा वर्षे राहते. दिवाळीनंतर पहिल्या टप्प्यातली साखळी पाटापासून पुन्हा लावा. पैसे अपुरे असतील तर नव्या फरशीपेक्षा वाशांच्या पट्ट्या आधी घ्या.

वाडीत सगळीच पडलेली झाडे गेलेली नसतात. कलमी आंबा कलंडला असेल आणि एका बाजूची मुळे जमिनीत असतील, तर फांद्या हलक्या करून, मुळे उघडी पडू न देता ओल्या पोत्याने झाकून, हळूहळू सरळ करता येतो. तुटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. माड आणि पोफळीला मात्र वाढीचा कोंब एकच असतो. शेंडा मोडला की ते झाड परत फुटत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहू नये.

मेलेले माड वाडीत कुजत ठेवणे ही दुसऱ्या वर्षी कळणारी चूक आहे. कुजक्या खोडात गेंडा भुंगा वाढतो आणि तो वाचलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. त्याने केलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा आत जातो. खोडे पहिल्या पावसाळ्यातच फोडून वाडीबाहेर काढा.

उभ्या राहिलेल्या पोफळींनाही धोका असतो. इतकी वर्षे सावलीत वाढलेल्या खोडावर शेजारची झाडे गेल्याने दुपारचे ऊन थेट पडते आणि साल भाजून उभी चीर पडते. पाऊस उघडताच खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला झावळे बांधा आणि मोकळ्या झालेल्या ओळींत आधी केळी लावा. केळींची सावली झाली की त्याखाली पोफळीची रोपे घाला, आणि त्यांना जुन्या वहीतल्या शेवटच्या क्रमांकापुढचे क्रमांक द्या: प-२५१, प-२५२.